धोंडा कोण हलवणार?

"पण तो झोपला होता ना? मग तेव्हाच का नाही मारून टाकला?"

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, दिवा मालवला होता, आणि माझ्या मते गोष्ट संपली होती. ओडिसियस आणि एकडोळ्या राक्षसाची गोष्ट. मी ती नेहमीसारखीच सांगितली होती, म्हणजे घाईघाईनं, ठळक प्रसंग घेत: माणसं गुहेत अडकतात, राक्षस एकेका वेळी दोघादोघांना खातो, ओडिसियस त्याला दारू पाजतो, नाव खोटं सांगतो, तापवलेल्या खुंटानं डोळा फोडतो, मेंढ्यांच्या पोटाखाली लपून सगळे निसटतात. माझ्या भाचीनं अंधारात ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग हा प्रश्न टाकला. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं. पहिल्या रात्री राक्षस दोघांना खाऊन घोरत पडला. ओडिसियसकडे तलवार होती, कारण मीच मघाशी तसं म्हणाले होते. मग दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबायचं कशाला? त्या थांबण्यात आणखी चार माणसं गेली. मी म्हणाले, "अगं, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असते, म्हणून." त्यावर ती "हं" म्हणाली. मोठ्या माणसाला उत्तर येत नाहीये हे लहान मुलांच्या लक्षात आलं, की ती ज्या सुरात हं म्हणतात, त्या सुरात. कूस बदलून ती पाचव्या मिनिटाला झोपलीसुद्धा.

मला मात्र ते हं लागलं. शाळेत सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलेलं वाक्य मी एका सात वर्षांच्या मुलीच्या तोंडावर फेकलं होतं आणि तिनं ते झेललंच नव्हतं. शिवाय तिचा हिशेब बरोबर होता. झोपलेल्या शत्रूच्या छातीत तलवार खुपसणं ही काही कमी युक्तीची गोष्ट नाही, आणि ओडिसियसला तसल्या कामाचं वावडंही नव्हतं. मग ही गोष्ट आपल्या काव्यात सांगणाऱ्या ग्रीक कवीनं, होमरनं, त्याला का थांबवलं? मी उठले, बाहेरच्या खोलीत दिवा लावला आणि ओडिसीचा नववा सर्ग काढून बसले. मधल्या इतक्या वर्षांत ही गोष्ट मी किमान दहा वेळा सांगितली असेल, पण वाचली नव्हती.

उत्तर तिथंच होतं. मीच ते गाळून गोष्ट सांगत आले होते.

पहिल्या रात्री ओडिसियसच्या मनात अगदी भाचीचाच विचार येतो. मांडीवरची तलवार उपसावी, जवळ जावं, हातानं चाचपून यकृताची जागा शोधावी आणि भोसकावं. जागासुद्धा ठरलेली. आणि मग, होमर म्हणतो, दुसऱ्या विचारानं त्याला आवरलं. कारण गुहेच्या तोंडाशी धोंडा होता. हा धोंडा आपण ऐकताना नुसता 'मोठा' म्हणून सोडून देतो, पण होमर त्याचं माप देतो: चारचाकी भक्कम बावीस गाड्या लावल्या तरी तो जागचा हलणार नाही. राक्षस मात्र संध्याकाळी कळप आत घेतो आणि तो उचलून दाराशी ठेवतो. सकाळी बाजूला करतो, शेळ्यामेंढ्या बाहेर सोडतो आणि पुन्हा जागेवर बसवतो, बाणांच्या भात्याला झाकण लावावं इतक्या सहज. त्याला झोपेत मारलं असतं तर आतले सगळे एका मेलेल्या राक्षसाबरोबर, दह्यादुधाच्या भांड्यांबरोबर आणि बंद दाराबरोबर उरले असते. काही दिवस चीज पुरलं असतं. मग?

म्हणजे त्या गुहेत तलवार चालवता येत नव्हती असं नाही. ती चालली असती, म्हणूनच घात झाला असता.

हे वाचल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. राक्षसांच्या गोष्टींत युक्ती का जिंकते याचं एक तयार उत्तर आपल्या सगळ्यांकडे असतं: गोष्टी सांगणारे लोक दुबळे असतात, बलवानापुढे त्यांच्याकडे डोक्याशिवाय काही नसतं, म्हणून ते ससा सिंहाला विहिरीत पाडतो अशा गोष्टी रचतात. सशापुरतं ते खरंही असेल. पण ओडिसियस काही ससा नाही. त्याचं धनुष्य पुढं दुसऱ्या कुणाला वाकवतासुद्धा येत नाही. इंद्र ससा नाही, विष्णू तर नाहीच. बलवानांनासुद्धा राक्षसापुढे युक्ती का करावी लागते, हे त्या उत्तरातून कळत नाही. धोंड्यातून थोडं कळतं. राक्षसाचं बळ हे नुसतं हरवायचं बळ नसतं, ते हवंही असतं. दार उघडण्याएवढी ताकद त्या गुहेत एकाच्याच हातात आहे, आणि तेच हात माणसांना कुत्र्याच्या पिलांसारखे जमिनीवर आपटून खातात. तेव्हा ओडिसियसपुढचं काम 'राक्षसाला मारणं' हे नाहीच. राक्षस जिवंत हवा, धडधाकट हवा, दार उघडण्याच्या मनःस्थितीत हवा, आणि दार उघडताना त्यानं आपल्याला मात्र बघता कामा नये. एवढ्या अटी एका ओळीत लिहिल्या की डोळा फोडण्याचा बेत आपोआप पुढं येतो. मी लहानपणापासून समजत होते की डोळा हे राक्षसाचं मर्मस्थान, म्हणून तिथं घाव. तसं नाही. डोळा सोडून त्याच्या अंगातलं बाकी सगळं ओडिसियसला हवं आहे.

त्या बेताची तयारीही होमर सावकाश दाखवतो, आणि मला ती फार आवडते, कारण तीत चमत्काराचा लवलेश नाही. गुहेत राक्षसाचा सोटा पडलेला असतो, ऑलिव्हच्या लाकडाचा, अजून ओला, वाळायला ठेवलेला. वीस वल्ह्यांच्या गलबताच्या डोलकाठीएवढा. राक्षस दिवसभर कळप चरायला घेऊन गेलेला असताना ओडिसियस त्यातला वावभर तुकडा तोडतो, सोबती तो तासून गुळगुळीत करतात, तो टोक काढतो आणि विस्तवावर धरून ते कडक करतो. मग तुकडा लपवायचा कुठं? गुहाभर शेणाचे ढीग आहेत, त्यात. सोबत कोण येणार यासाठी चिठ्ठ्या टाकतात आणि चौघे निघतात, नेमके तेच जे त्यानं स्वतः निवडले असते. रात्री निखाऱ्यात तापवलेलं ते टोक डोळ्यात घालून पाच जण फिरवतात तेव्हा होमरला सुतार आठवतो, जहाजाच्या फळीला सामता मारणारा, आणि त्याच्या हाताखालचे लोक दोन्ही बाजूंनी वादी ओढत असतात. डोळ्यातून जो चर्र आवाज येतो त्यावरून त्याला लोहार आठवतो, लाल झालेली कुऱ्हाड पाणी देण्यासाठी गार पाण्यात बुडवणारा. अंगावर काटा येतो तो रक्तामुळे नाही, या कामसूपणामुळे. राक्षसाला हरवणारी अक्कल ही इथं कारागिराची अक्कल आहे. आणि लाकूड राक्षसाचंच, विस्तवही त्याचाच, शेण त्याच्या जनावरांचं. त्यांनी बाहेरून आणलेली वस्तू एकच, दारूची पखाल. एका पुजाऱ्यानं दिलेली ती दारू इतकी जहाल, की एका पेल्याला वीस मापं पाणी घालून प्यायची. राक्षसाला ती पाण्याशिवाय पाजली जाते. तीनदा.

आता नावाची गंमत. ती मी भाचीला सांगितली होती आणि तिथं ती खदखदून हसली होती. ओडिसियस आपलं नाव 'कुणीच नाही' असं सांगतो. राक्षस खूश होऊन म्हणतो, तुला भेट देतो, तुला सगळ्यांच्या शेवटी खाईन. डोळा फुटल्यावर तो किंचाळतो, आजूबाजूच्या गुहांतले त्याचे भाऊबंद धावत येतात. "कोण मारतंय तुला?" "कुणीच नाही!" मराठीत हे एका शब्दात छान जमतं. पूर्ण वाक्य करायला गेलं की फसतं, कारण आपलं क्रियापद चुगली करतं. 'कुणीच नाही मारतोय' असं कुणी म्हणत नाही, 'कुणीच मारत नाही' असंच म्हणतो. ग्रीकमध्येही तिथं एक गाठ आहे, आणि त्या रात्री पुस्तकाच्या तळटिपा वाचताना ती मला पहिल्यांदा नीट कळली. शेजारी विचारतात, कुणी तुला कपटानं मारतंय की बळानं? राक्षस ओरडतो, 'ऊतिस', म्हणजे 'कुणीच नाही', मला मारतोय, कपटानं, बळानं नव्हे. पण ज्या शब्दाचा अर्थ 'आणि नव्हे', त्याचाच अर्थ 'ना हे ना ते' असाही होतो. त्यामुळे बाहेरच्यांना ऐकू येतं: कुणीच मारत नाही, ना कपटानं ना बळानं. ते म्हणतात, मग जर कुणीच तुला मारत नसेल, तर हे दुखणं देवानं दिलेलं, बापाची प्रार्थना कर. आणि 'जर' आला म्हणून ग्रीक व्याकरणाच्या नियमानं त्यांच्या तोंडी 'ऊ तिस' च्या जागी 'मे तिस' येतं. 'मेतिस' या शब्दाचा अर्थ चतुराई. म्हणजे शेजारी नकळत म्हणून जातात की चतुराईच तुला मारते आहे. आत अंधारात ओडिसियसला मनातल्या मनात हसू फुटतं, आणि होमर त्या ओळीत तोच शब्द पुन्हा वापरतो.

राक्षस खरं तेच सांगत होता, हे मात्र विसरायला नको. कपटानं, बळानं नव्हे. सगळ्या गोष्टीत काय घडलं हे नेमकं समजलेला तो एकटा, आणि त्याचं वाक्य कुणाला कळलं नाही.

इथं आणखी एक बारकावा आहे, जो सांगताना माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. शेजारी आत का येत नाहीत? कारण दाराशी धोंडा आहे. अजून तो कुणी हलवलेलाच नाही. ते गुहेभोवती उभे राहून बाहेरून विचारतात, त्यांना फक्त आवाज ऐकू येतो. शब्दांवर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना इलाज नाही. जो धोंडा माणसांना कोंडायला ठेवला, तोच राक्षसाच्या मदतीला येणाऱ्यांना अडवतो. आणि थोडं मागं गेलं तर होमरनं सांगितलेलंच आहे की या लोकांना सभा नाही, कायदा नाही, प्रत्येक जण आपापल्या गुहेत आपल्या बायकापोरांचा धनी, कुणाला कुणाची पर्वा नाही. एकदा विचारलं, उत्तर मिळालं, गेले झोपायला. कुणी एकानं जरी "थांब, दार उघड, बघू दे" म्हटलं असतं तर शब्दाची करामत तिथंच संपली असती.

ही गोष्ट ग्रीकांची एकट्यांची नाही. 1857 साली विल्हेल्म ग्रिमनं, परीकथावाल्या दोन भावांतल्या धाकट्यानं, वेगवेगळ्या भाषांतल्या अशाच एकडोळ्यांच्या गोष्टी गोळा करून एकत्र मांडल्या होत्या. त्यातली मला सगळ्यांत भावते ती ओघुझ तुर्कांची. त्यांच्या राक्षसाचं नाव तेपेगोझ, म्हणजे ज्याचा डोळा डोक्यावर आहे तो. त्याच्या अंगात शस्त्र शिरत नाही. बसात नावाचा वीर, जो स्वतः सिंहिणीच्या दुधावर वाढलेला आहे, त्याच्याकडे जातो, आणि त्याचे बाणसुद्धा त्या अंगावर मोडून पडतात. मग तो राक्षसाच्या आचाऱ्यांना विचारतो, याला मारायचं कसं? ते म्हणतात, डोळ्याखेरीज याच्या अंगात कुठं मांस नाही. पुढं तापलेली सळई, मेंढ्याचं कातडं पांघरून निसटणं, सगळं ओळखीचं. शेवटी तेपेगोझचं मुंडकं उडतं ते मात्र त्याच्याच गुहेतल्या त्याच्याच तलवारीनं. दुसरी कुठली चालतच नाही.

हे 'त्याच्याच' मला त्या रात्री सगळीकडे दिसायला लागलं. आपल्याकडचा भस्मासुर घ्या. आपण त्याची गोष्ट नाचाची म्हणून ऐकलेली असते: मोहिनी नाचते, तो नक्कल करतो, तिनं डोक्यावर हात ठेवला की हाही ठेवतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात हीच गोष्ट वृकासुराची म्हणून येते, आणि तिथं नाच नाही. तिथं संवाद आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो मरावा, असा वर घेऊन हा असुर थेट शंकराच्याच मागं लागलेला असतो. वाटेत त्याला एक बटू भेटतो, अदबीनं नमस्कार करतो, म्हणतो, दमलेला दिसतोस, घडीभर बस, काय झालं सांग तरी. असुर सगळं सांगतो. बटू म्हणतो, असं होय? आम्ही नाही बुवा त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत. दक्षाच्या शापानं तो भुताखेतांत राहणारा झालाय. तुला खरं वाटत असेल तर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून बघ ना. खोटं निघालं तर मग जाऊन त्याला शिक्षा कर. आणि तो हात ठेवतो.

नाचाची गोष्ट रंगते जास्त, हे मान्य. पण ही मला जास्त बोचते. नाचात असुर भान हरपून मरतो, इथं तो संशयानं मरतो. याच माणसानं केदारक्षेत्री आपल्या अंगाचं मांस कापून आगीत टाकलं होतं, सातव्या दिवशी स्वतःचं डोकं उडवायला निघाला होता तेव्हा शंकरानं त्याचा हात धरला. एवढं देऊन मिळवलेलं बळ, आणि एक अनोळखी पोरगा सहज म्हणाला की खोटं असेल, तर ते लगेच तपासावंसं वाटतं. ज्याचं बळ स्वतःच्या दंडातून येतं त्याला असा संशय चावत नाही. दुसऱ्यानं दिलेल्या बळाला मात्र आतून कायम एक भोक असतं: देणाऱ्यानं आपल्याला बनवलं तर नसेल? विष्णू बोट घालतो ते नेमकं त्या भोकात. धोंडा हलवायला जसा राक्षसाचाच हात लागला, तसा इथं असुर मारायलाही असुराचाच हात लागतो, कारण त्या क्षणी जगात तेवढा प्रभावी हात दुसरा नाही.

मग भीमाचं काय, असं कुणी विचारेल. बकासुराला त्यानं उचलून गुडघ्यावर मोडला, त्यात कसली आलीय युक्ती? खरं आहे. बळानं मारलेले राक्षसही पुष्कळ आहेत. जुन्या इंग्रजी काव्यातला बेओवुल्फ ग्रेंडेलशी शस्त्राशिवाय झुंजतो आणि त्याचा हात खांद्यापासून उपटून काढतो. पण त्याच्या पकडीत तीस माणसांचं बळ आहे असं कवी आधीच सांगून ठेवतो, आणि ग्रेंडेलसाठी जो भयंकर या अर्थाचा शब्द येतो तोच पुढं बेओवुल्फलाही एकदा लावला जातो. तिथं राक्षसाला त्याच्याच मापाचा कुणीतरी भेटलेला असतो. भीमही तसाच, वृकोदर, राक्षसाच्या वाट्याचं जेवण त्याच्यासमोर बसून खाणारा. ही कुस्ती आहे, आणि कुस्तीत जास्त जोर असेल तो जिंकतो. मी ज्या राक्षसांबद्दल बोलतेय त्यांची रचनाच वेगळी असते. त्यांच्यावर जोर लावला की प्रकरण बिघडतं. रक्तबीजाला घाव घातला की प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज. देवीच्या बाजूला बळ कमी पडलं असं नाही, उलट बळ जितकं जास्त तितकं रणांगण त्याच्याच माणसांनी भरत गेलं. शेवटी चामुंडेनं तोंड पसरून थेंब वरच्या वर पिऊन टाकले, मग घाव कामी आला. घाव तोच, फक्त थेंबाला खाली पडायला जमीन उरली नाही.

इथपर्यंत आले तेव्हा एक वाजून गेला होता आणि मी जराशी विजयी मनःस्थितीत होते. सकाळी भाचीला धोंड्याचं सांगायचं, बावीस गाड्यांसकट, असं ठरवून पुस्तक मिटणार होते. पण एकदा उघडलंच आहे तर सर्ग संपवू म्हणून पुढं वाचत गेले, आणि विजय थोडा उतरला.

डोळा गेलेला राक्षस चाचपडत जातो, धोंडा बाजूला करतो, आणि दारातच हात पसरून बसतो. पहाट होते. मेंढ्या चरायला बाहेर पडतात. तीन-तीन मेंढे एकत्र बांधलेले, मधल्याच्या पोटाला माणूस. राक्षस प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवतो, पोटाखालून मात्र नाही. सगळ्यांत शेवटी कळपातला सर्वांत मोठा मेंढा येतो, जड पावलांनी, कारण त्याच्या पोटाखालच्या लोकरीला ओडिसियस लटकलेला आहे. राक्षस त्याला थांबवतो आणि त्याच्याशी बोलतो. म्हणतो, लाडक्या, तू आज शेवटी कसा? तू तर नेहमी सगळ्यांच्या पुढं, गवताकडं पहिला तू, नदीवर पहिला तू, संध्याकाळी घराकडं वळणाराही पहिला तूच. मालकाच्या डोळ्याचं दुःख वाटतंय का तुला? तुला बोलता आलं असतं तर सांगितलं असतंस, तो कुठं लपलाय ते.

आणि तो दोन बोटांवर आहे. लोकरीत.

सहा माणसं खाल्लेल्या प्राण्याबद्दल मला वाईट वाटायला नको, हे मला कळतं. पण होमरनं ते भाषण मुद्दाम लिहिलंय. गोष्टीतला सगळ्यांत मऊ क्षण त्यानं राक्षसाला दिला आहे आणि युक्तीच्या सगळ्यांत यशस्वी क्षणी दिला आहे. बळानं हरवलेला राक्षस असा मागं उरत नाही. तो पडतो, संपतो, लोक गाणी गातात. फसवलेला राक्षस मागं राहतो, आणि त्याला म्हणायचं असतं ते म्हणतोच. नमुचीचं तेच. हे नाव आपल्यात फारसं घेतलं जात नाही, पण गोष्ट ऋग्वेदाइतकी जुनी आहे. महाभारताच्या शल्यपर्वात ती अशी येते: इंद्राच्या भीतीनं नमुची सूर्यकिरणात जाऊन लपतो, इंद्र त्याच्याशी मैत्री करतो आणि शब्द देतो की तुला ओल्यानं मारणार नाही, कोरड्यानं मारणार नाही, रात्री नाही, दिवसा नाही. मग एकदा धुकं पडलेलं बघून तो पाण्याच्या फेसानं त्याचं डोकं उडवतो. फेस, जो ओलाही नाही नि कोरडाही नाही. हिरण्यकशिपूच्या उंबरठ्याची ही आजी म्हणावी अशी गोष्ट. पण नरसिंहाच्या गोष्टीत जे नाही ते इथं आहे. तुटलेलं डोकं गप्प बसत नाही. ते इंद्राच्या मागं मागं जातं, 'मित्रघातक्या, पाप्या' म्हणत. इंद्र शेवटी ब्रह्मदेवाकडे धावतो, यज्ञ करतो, अरुणा नदीत स्नान करतो, तेव्हा कुठं सुटतो. आणि नमुची या नावाची फोड काय, तर 'न मुंचति', जो सोडत नाही तो. शब्द अक्षरशः पाळलेला होता, हे इंद्र ज्याला सांगेल त्याला पटलं असतं. डोक्याला पटलं नाही.

ओडिसियसचं कर्ज तर त्यानं स्वतःच काढलं. गलबत किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्याला राहवत नाही. सोबती हात जोडून सांगतायत, ओरडू नकोस, आत्ताच त्यानं आवाजाच्या रोखानं डोंगराचा सुळका फेकला होता. तरी हा ओरडतोच: कुणी विचारलं तर सांग, तुझा डोळा इथाकाच्या ओडिसियसनं फोडला, लाएर्तेसच्या मुलानं. कुणीच-नाही होऊन वाचलेल्या माणसाला कुणीतरी व्हायचं असतं. आणि नाव कळताक्षणी राक्षस बापाकडे, समुद्राच्या देवाकडे हात पसरतो. शाप द्यायला नाव लागतं, ते आत्तापर्यंत त्याच्याकडे नव्हतं. इथाकाचा ओडिसियस घरी पोचू नये, पोचलाच तर उशिरा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून. पुढचं सगळं काव्य त्या शापाप्रमाणे घडतं. मेंढ्यांच्या पोटाखालून ज्यांना एवढ्या अकलेनं बाहेर काढलं, त्यातला एकही घरी जात नाही.

सकाळी मी भाचीला धोंड्याचं सांगितलं. तिला ते ताबडतोब पटलं. "हां, मग बरोबर," ती म्हणाली, जणू होमरचा एक घोटाळा तिनं माफ केला. मग दात घासता घासता तिनं मला पुन्हा ती मेंढ्यांची जागा सांगायला लावली. या वेळी मी न गाळता सांगितली, राक्षस मोठ्या मेंढ्याशी काय बोलतो त्यासकट. ती ब्रश तोंडात तसाच ठेवून ऐकत होती.

"त्या मेंढ्याचं पुढं काय झालं?"

पुढं काय झालं ते मी रात्रीच वाचलं होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर लुटीची वाटणी होते, तेव्हा तो मेंढा सोबती ओडिसियसला जास्तीचा म्हणून देतात. ज्याला धरून तो राक्षसाजवळून निसटला होता, त्याच मेंढ्याला तो वाळूवर कापतो आणि त्याच्या मांड्या झ्यूसला अर्पण करतो. झ्यूस ते घेत नाही.

"गेला परत," मी म्हणाले. "ओडिसियसनं सोडून दिला. वाट माहीत होती त्याला."

तिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"हे पुस्तकात आहे?"